एकच बाटली, दोन जावा: लॅक्टिक, ग्लायकोलिक की सॅलिसिलिक?

गेल्या दिवाळीच्या आठ-दहा दिवस आधीची गोष्ट. कापसाची वेचणी जोरात होती. एका घरातल्या दोन जावा संध्याकाळी माझ्या मेडिकलमध्ये आल्या. थोरली काउंटरपासून लांबच उभी राहिली, तोंडावरचा दुपट्टा काढेना. बोलली ती धाकटी. “ताई, दोघीजणींनी मिळून एक बाटली मागवली मोबाइलवरून. पैसे अर्धे अर्धे. माह्या पुटकुळ्याले काहीच गुण नाही, अन् जाऊबाईचा चेहरा तं काळा पडला, पाहा न.”

थोरलीने दुपट्टा सोडला. गाल ठीक होते, पण डोळ्यांखाली आणि नाकाच्या दांडीवर तपकिरी-काळा पट्टा उमटला होता. शेतात तोंड बांधल्यावर नेमकी जेवढी जागा उघडी राहते, तेवढाच. बाटली 10 टक्के ग्लायकोलिक अ‍ॅसिडची होती आणि दोघी ती रोज रात्री कापसाने चेहराभर फिरवत होत्या.

मी फार्मसिस्ट आहे, त्वचारोगतज्ज्ञ नाही. पण आमच्या तालुक्यात मेडिकलवाल्यालाच आधी विचारतात आणि “आल्फा घेऊ का बीटा” हा प्रश्न आता खेड्यातल्या पोरीही विचारतात. म्हणून या दोघींवरूनच सांगते.

आल्फा हायड्रॉक्सी अ‍ॅसिड, म्हणजे एएचए, हे एक कुटुंब आहे. उसातलं ग्लायकोलिक, दह्यातलं लॅक्टिक, कडू बदामातलं मँडेलिक अशी त्यातली नावं. ही पाण्यात विरघळतात, त्यामुळे त्वचेच्या वरच्या थरावर काम करतात. तिथे मेलेल्या पेशी एकमेकींना चिकटून बसलेल्या असतात. ती पकड सैल झाली की पापुद्रा सुटतो. बीटामध्ये दुकानात मिळणारं नाव एकच, सॅलिसिलिक अ‍ॅसिड. ते तेलात विरघळतं. त्वचेचं छिद्र तेलाने भरलेलं असतं, म्हणून हे त्या तेलातून आत शिरतं आणि छिद्राच्या तोंडाशी बसलेला तेल व मेलेल्या पेशींचा बोळा सोडवतं. थोडी सूजही कमी करतं. धाकटीच्या पुटकुळ्यांना गुण का आला नाही याचं उत्तर इथेच आहे. तिचा त्रास छिद्राच्या आत होता आणि बाटली वरवर पुसत होती.

थोरलीचं उलटं. तिची त्वचा कोरडी. साबणाने तोंड धुतलं की तासाभरात गाल ओढल्यासारखे होतात आणि ओठांच्या कडेला पांढरे पापुद्रे दिसतात. अशा त्वचेला एएचएच बरं, पण त्यातलं ग्लायकोलिक नाही. ग्लायकोलिकचा रेणू या कुटुंबात सगळ्यात लहान, म्हणून तो झटकन आत जातो आणि झोंबतोही जास्त. लॅक्टिकचा रेणू त्याहून मोठा आहे, शिवाय लॅक्टिक पाणी धरून ठेवतं. आपल्या त्वचेच्या स्वतःच्या ओलाव्यातही ते असतं. त्यामुळे कोरड्या त्वचेने सुरुवात करायची ती 5 टक्के लॅक्टिकने. सावळ्या, लगेच डाग पडणाऱ्या त्वचेला मँडेलिकही चालतं. त्याचा रेणू ग्लायकोलिकच्या जवळपास दुप्पट वजनाचा आहे, सावकाश मुरतो. तालुक्याला मात्र ते सहसा मिळत नाही, मागवावं लागतं.

आता तो काळा पट्टा. एएचए वापरत असताना त्वचेला ऊन जास्त बाधतं आणि वापर थांबवल्यावरही साधारण आठवडाभर तसंच राहतं. रात्री लावून सकाळी धुतलं म्हणजे संपलं, असं नसतं. थोरली सकाळी आठपासून वावरात. ऑक्टोबरचं आपल्याकडचं ऊन तुम्हाला माहीत आहे. आधीच रोजच्या अ‍ॅसिडने त्वचा सोलवटलेली, त्यात उघड्या पट्ट्यावर ऊन. गव्हाळ-सावळ्या त्वचेला कुठलीही जळजळ झाली की ती डाग ठेवून जाते. सॅलिसिलिकने उन्हाचा त्रास ग्लायकोलिकइतका वाढत नाही. म्हणून ज्या बाईला रोज दुपारी शेतात जावंच लागतं आणि जी सनस्क्रीन लावणार नाही हे तिला स्वतःलाच ठाऊक आहे, तिने वेचणीच्या आणि उन्हाळ्याच्या दिवसांत एएचएच्या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. त्वचा कोरडी असली तरीही.

थोरलीला मी विचारलं, नुसत्या पाण्याने तोंड धुतलं तरी चुरचुरतं का? “चुरचुरते न व. अन् आरशात लयच चमकते.” ही चमक फसवी असते. ताणलेली, प्लास्टिकसारखी चकाकी आणि साध्या पाण्याने किंवा क्रीमने होणारी आग, ही दोन्ही एकत्र दिसली की वरचा थर जरुरीपेक्षा जास्त उतरला आहे असं समजायचं. तेव्हा अ‍ॅसिडच नव्हे, साबण, बेसन, स्क्रब, सगळंच बंद. तिला मी बिनवासाचं साधं मॉइश्चरायझर दोन वेळा, रात्री त्यावर पेट्रोलियम जेलीचा पातळ हात आणि सकाळी एसपीएफ 30 चं सनस्क्रीन एवढंच दिलं. सनस्क्रीन तर्जनी आणि मधल्या बोटाच्या लांबीएवढं घ्यायचं आणि दुपारच्या भाकरीनंतर पुन्हा लावायचं. वरून दुपट्टा हवाच. चुरचुर पंधरा दिवसांत गेली. डाग मात्र महिनोन्‌महिने रेंगाळतात, हे मी तिला तेव्हाच सांगून ठेवलं होतं.

लॅक्टिक तिने सुरू केलं ते वेचणी आटोपल्यावर, जानेवारीच्या शेवटी. आधी जबड्याखाली एका बोटाएवढ्या जागी लावून दोन दिवस पाहिलं. मग आठवड्यातून एकच रात्र. तोंड धुवायचं, पूर्ण कोरडं होऊ द्यायचं, कारण ओल्या त्वचेवर जास्त झोंबतं. तीन-चार थेंब कपाळ, गाल, हनुवटीवर पसरायचे, डोळ्यांच्या आणि ओठांच्या कडा सोडायच्या. दहा मिनिटांनी मॉइश्चरायझर. तीन आठवड्यांनी ती दोन रात्रींवर आली आणि तिथेच थांबली. कोरड्या त्वचेला याच्या पुढे जायची गरज क्वचितच पडते. मार्चमध्ये झळा लागू लागल्या तशी पुन्हा एका रात्रीवर आली. ओठांच्या कडेचे पापुद्रे महिन्याभरात गेले. पाडव्याला आली तेव्हा पट्टा होता, पण शोधावा लागत होता.

धाकटीला 2 टक्के सॅलिसिलिक दिलं. घरी वापरायला याहून जास्त नको. तेलकट त्वचा जास्त वेळा सोसते, पण सुरुवात तिचीही आठवड्यातून दोनच रात्रींनी केली. पंधरा दिवस काही त्रास झाला नाही, म्हणून एक दिवसाआड. तिसऱ्या आठवड्यात ती चिडून आली, कपाळावर बारीक पुटकुळ्या वाढल्या म्हणून. मी विचारलं, नेहमीच्या जागीच आल्या की नवीन जागी? कपाळ तिची नेहमीची जागा. आत अडकलेलं लवकर वर येतं तेव्हा असं होतं आणि चार-सहा आठवड्यांत बसतं. पण मानेवरही लाल, खाजरे पुरळ होते आणि तिथे तिला कधीच काही येत नसे. उरलेला हात ती मानेला पुसत होती. ते अ‍ॅसिडचं पोळणं. मान बंद करायला लावली, कपाळ चालू ठेवलं. आठ आठवड्यांनी कपाळ बरंच साफ झालं. त्यातलं निम्मं श्रेय मी डोक्याच्या तेलाला देते, म्हणजे ते बंद केल्याला. रोज रात्री चप्प तेल लावून झोपायची आणि ते कपाळावर उतरायचं. त्यापुढे कुठलं अ‍ॅसिड काय करणार!

तेलकट त्वचेवाल्यांनी मे महिन्यात एक लक्षात घ्यावं. पंचेचाळीस अंशांत, कोरड्या हवेत, चेहरा वरून चिपचिपा आणि आतून ओढलेला असा दोन्ही असू शकतो. तसं वाटलं तर एक दिवसाआडवरून पुन्हा दोन रात्रींवर यायचं. आणि ज्यांना चेहऱ्यावर काही ठेवून झोपायचा धाक वाटतो, त्यांनी सॅलिसिलिकचा फेसवॉश घ्यावा. मिनिटभरात धुतला जातो, म्हणून परिणाम सौम्य, पण तेलकट त्वचेला रोज चालतो.

सॅलिसिलिक घेताना एका गोष्टीची मला खरी भीती वाटते. मेडिकलमध्ये सॅलिसिलिक लिहिलेल्या अनेक ट्यूब असतात आणि त्या सगळ्या चेहऱ्यासाठी नसतात. 6 किंवा 12 टक्क्यांचं मलम टाचा, भोवऱ्या, जाड कातडी यांच्यासाठी असतं. आणि काही मलमांत सॅलिसिलिकसोबत बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोल, म्हणजे स्टेरॉइड असतं. ती सोरायसिससारख्या आजारांना डॉक्टरच्या चिठ्ठीवर द्यायची. चेहऱ्यावर लावली तर आठवडाभर रंग उजळल्यासारखा वाटतो. पुढे त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, पुटकुळ्या दुपटीने उठतात आणि सोडू म्हटलं तर आग होते. मोबाइलवरचा फोटो दाखवून “सॅलिसिलिकची ट्यूब द्या” म्हणू नका, ट्यूबवरचं पूर्ण नाव वाचा. अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी असेल तर सॅलिसिलिक घेऊच नका, ही दोन्ही औषधं एकाच घरची. गरोदर असाल तर लावण्याआधी डॉक्टरांना विचारा.

लिंबाचं विचारणाऱ्याही असतात, की त्यातही आल्फा अ‍ॅसिडच आहे ना? आहे, सायट्रिक. पण लिंबाचा रस बाजारातल्या सीरमपेक्षा कितीतरी जास्त आंबट असतो आणि तो लावून उन्हात गेलं तर भाजल्यासारखे काळे डाग पडतात. दह्याचं तसं नाही. त्यात लॅक्टिक अगदी थोडं. नुकसान सहसा नाही आणि फायदाही तेवढाच.

मिश्र त्वचा असेल, म्हणजे कपाळ-नाक तेलकट आणि गाल कोरडे, तर नाक-कपाळाला सॅलिसिलिक आणि गालांना लॅक्टिक, वेगवेगळ्या रात्री. आयब्रो किंवा ब्लीच केल्याच्या रात्री दोन्ही नको. मुरमांची अडापलीन किंवा बेंझॉइल पेरॉक्साइडची क्रीम चालू असेल तर ती आणि अ‍ॅसिड एकाच रात्री लावू नका.

ती ग्लायकोलिकची बाटली अर्ध्याहून जास्त उरली होती. पैसे दोघींचे गेलेले, फेकवेना. मी म्हटलं टाचांना आणि कोपरांना लावा, तिथली कातडी जाड असते, सोसते. भेगेतून रक्त दिसत असेल तर मात्र ती भरेपर्यंत थांबायचं. थोरली आता रात्री ती टाचांना लावून मोजे घालते आणि धाकटी तिला हसते.