काट्यावरची रांग स्प्रेडशीटमध्ये: पाच महिन्यांच्या वापरानंतर

गुहागर तालुक्यातील एका संकलन केंद्रावर मी वजन-पावत्यांचा हिशेब ठेवतो. मे महिन्यात कॅनिंगचा आंबा घेऊन टेम्पो येऊ लागले की एकाच काट्यापुढे रांग लागते आणि दुसरा हमाल ठेवावा की नाही, यावर दरवर्षी नुसतीच चर्चा होते. यंदा फेब्रुवारीत मी ही रांग स्प्रेडशीटमध्ये उभी केली आणि जूनअखेरपर्यंत ती वापरली. या संपूर्ण मांडणीचा कणा म्हणजे दोन टेम्पोंमधील अंतर यादृच्छिक संख्येवरून काढणारे एक सूत्र आहे, आणि हा अनुभव मुख्यतः त्याच्याविषयी आहे.

मागच्या हंगामाच्या पावत्यांवरून सकाळच्या वेळेत सरासरी 6 मिनिटांना एक टेम्पो येतो असे दिसत होते. एका टेम्पोचे क्रेट उतरवून वजन करायला साधारण 5 मिनिटे लागतात. माझ्या पहिल्या तक्त्यात मी प्रत्येक टेम्पो बरोबर 6 मिनिटांनी आणला, तेव्हा रांग अर्थातच शून्य आली. वाहने एकमेकांशी न ठरवता येतात, तेव्हा त्यांच्यामधील अंतरे घातांकी वितरणाने चांगली दाखवता येतात. अंतर t किंवा त्याहून कमी असण्याची संभाव्यता 1 − e^(−t/6) असते. ही संभाव्यता 0 ते 1 मध्ये फिरते आणि RAND() ही संख्याही त्याच पट्ट्यात समान वाटून पडते. म्हणून दोन्ही समान मांडून t साठी सोडवले की अंतर मिळते. याला व्यस्त रूपांतर म्हणतात. तक्ता असा आहे:

```
A2: =RAND()
B2: =-$H$1*LN(1-A2)
C2: =B2          C3: =C2+B3
D2: =C2          D3: =MAX(C3,E2)
E2: =D2+$H$2
F2: =D2-C2
```

H1 मध्ये सरासरी अंतर 6 आणि H2 मध्ये वजनाचा वेळ 5 आहे. C ही येण्याची वेळ, D वजन सुरू होण्याची, E संपण्याची आणि F ही थांबण्याची. A, B, E आणि F हे स्तंभ दुसऱ्या ओळीपासून आणि C, D तिसऱ्या ओळीपासून खाली ओढायचे.

पाच टेम्पोंचे उदाहरण हाताने करून पाहावे, असे मी आग्रहाने सांगेन. समजा A मध्ये 0.42, 0.87, 0.10, 0.65 आणि 0.23 आले. पहिले अंतर −6 × ln 0.58, म्हणजे 3.27 मिनिटे. पुढची 12.24, 0.63, 6.30 आणि 1.57. म्हणून टेम्पो 3.27, 15.51, 16.14, 22.44 आणि 24.01 व्या मिनिटाला पोहोचतात. पहिल्याचे वजन 8.27 ला संपते आणि त्यानंतर काटा सात मिनिटांहून अधिक वेळ रिकामा राहतो. परंतु तिसरा टेम्पो दुसऱ्याच्या मागोमाग येऊन 4.37 मिनिटे थांबतो, चौथा 3.07 आणि पाचवा 6.50 मिनिटे. रिकामा गेलेला वेळ नंतरच्या गर्दीला उसना देता येत नाही, आणि सरासरीच्या तक्त्याला नेमकी हीच गोष्ट दिसत नव्हती.

सूत्र इतके लहान असूनही माझे पहिले दोन आठवडे चुकीत गेले. LN ऐवजी मी LOG लिहिले होते. कंसात पाया दिला नाही तर LOG दहाच्या पायाचा लॉगरिदम देतो, त्यामुळे प्रत्येक अंतर 0.434 पट झाले आणि 6 ऐवजी सुमारे 2.6 मिनिटांना टेम्पो येऊ लागला. रांग दिवसभर वाढतच गेली आणि मी त्याचा दोष काट्याला देत राहिलो. तेव्हापासून B स्तंभात किमान हजार अंतरे काढून दोन गोष्टी तपासतो: सरासरी H1 च्या जवळ असावी आणि STDEV सुद्धा जवळपास तितकेच असावे, कारण घातांकी वितरणात प्रमाण विचलन सरासरीइतकेच असते. सूत्रातील 1 वजा करण्याचे कारण मात्र किरकोळ आहे. RAND() क्वचित 0 देऊ शकतो, 1 कधीही देत नाही. वजाबाकीमुळे LN ला शून्य मिळत नाही.

दुसरी अडचण स्वभावाची आहे. कोणताही कक्ष बदलला की RAND() नव्याने फिरतो, आणि F9 दाबत गेले की साठ टेम्पोंच्या त्याच दिवसाची सरासरी प्रतीक्षा एकदा 4 मिनिटे तर एकदा 19 मिनिटे येते. यातील सोयीचा आकडा उचलण्याचा मोह मला झाला होता, हे कबूल करतो. आता मी A स्तंभ कॉपी करून केवळ मूल्ये म्हणून पेस्ट करतो आणि मगच H2 बदलतो. तेच टेम्पो त्याच वेळी येतात, बदलतो फक्त वजनाचा वेळ. वरच्या पाच टेम्पोंमध्ये 5 ऐवजी 4 मिनिटे धरली तर एकूण प्रतीक्षा 13.94 वरून 7.94 मिनिटांवर येते. अशी गोठवलेली अनेक पाने काढून सरासरी घ्यावी लागते. दीर्घकाळची कसोटी म्हणून वजनाचा वेळ ठरावीक असलेल्या एका काट्यासाठी ज्ञात उत्तर उपलब्ध आहे: 5 मिनिटांना सरासरी प्रतीक्षा 12.5 मिनिटे आणि 4 मिनिटांना फक्त 4. हजारो ओळींचा तक्ता या आकड्यांच्या आसपास आला नाही, तर दोष मांडणीत आहे असे समजावे. एका मिनिटाच्या बचतीने प्रतीक्षा तिपटीहून अधिक घटते, हे मालकांना पटवायला मला हाच तक्ता उपयोगी पडला.

तरीही मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात प्रत्यक्ष रांग तक्त्यापेक्षा लांब होती. आठवड्याभराच्या पावत्यांवरून अंतरांची सरासरी 6.1 मिनिटे आली, पण प्रमाण विचलन 8.7 आले, आणि तिथेच उत्तर होते. दाभोळहून फेरीबोट धोपाव्याला लागली की खाडीपलीकडचे तीन-चार टेम्पो एकापाठोपाठ येतात. ते एकमेकांपासून स्वतंत्र नाहीत, त्यामुळे घातांकी सूत्र त्यांना लागू करणे चूक होते. खाडीपलीकडचे टेम्पो वेगळे काढल्यावर उरलेल्यांची सरासरी 8 च्या थोडी वर गेली आणि विचलनही तितकेच आले. आता रस्त्याने येणाऱ्यांसाठी H1 मध्ये 8 ठेवतो, फेरीचे टेम्पो बोटीच्या वेळेनुसार हाताने लिहितो आणि दोन्ही याद्या येण्याच्या वेळेनुसार एकत्र लावतो.

दुपारनंतर येणाऱ्यांचा वेग बदलतो, तेही पाहावे लागते. बारा वाजण्याच्या पलीकडे जाणारे अंतर मी टाकून देतो आणि बारापासून नव्या सरासरीने दुसरे काढतो. घातांकी वितरणाला आधी किती वेळ गेला याची आठवण नसते, म्हणून हे चालते; इतर वितरणांना ही सवलत नाही.

सुधारलेल्या तक्त्यात बहुतेक प्रतीक्षा बोट लागल्यानंतरच्या अर्ध्या तासात साचलेली दिसली. दुसरा हमाल आम्ही दिवसभर ठेवला नाही. बोटीच्या वेळा पाहून तेवढ्यापुरता काट्यावर बोलावला.