पगाराची फाईल दोनदा डेबिट झाली, आठ महिने वापरल्यावर बँकेच्या बल्क अपलोडबद्दल

आमचं युनिट भोसरीत, माणसं ६४, अकाउंट्स मी एकटाच बघतो. आठ महिन्यांपूर्वी पगारासाठी चेकबुक सोडून बँकेच्या कॉर्पोरेट नेटबँकिंगवर आलो, फाईल मी टाकायची आणि शेठने ओटीपी टाकून मंजूर करायची. बँकेचं नाव लिहीत नाही. सात महिने खरंच काही तक्रार नव्हती, आधी पगाराला दीड दिवस जायचा तो पाऊण तासावर आला.

आठव्या महिन्यात घोळ झाला. तारीख ७, म्हणजे पगाराची शेवटची. एकूण ११,८३,४५०, त्यात ४१ जण याच बँकेतले आणि २३ जण दुसऱ्या बँकांचे, ते एनईएफटीने जातात. फाईल टाकली, शेठने ओटीपी दिला आणि स्क्रीन फिरतच बसली. वीस मिनिटं थांबलो, बॅच यादीत दिसेना, मग फाईलचं नाव बदलून परत टाकली. इथे चूक माझीच, त्याच नावाची फाईल पोर्टल घेत नाही हे मला माहीत होतं आणि म्हणूनच मी नाव बदललं! शेठनेही दुसरा ओटीपी न विचारता देऊन टाकला. संध्याकाळी स्टेटमेंटला ११,८३,४५० दोनदा.

पहिला मेल मी घाबरून टाकला, "पगार डबल डेबिट झालाय, लवकर रिव्हर्स करा". उत्तरात नुसता तक्रार नंबर आला. दुसऱ्या दिवशी ब्रांचच्या मॅडम फोनवर म्हणाल्या, "सर, डबल डेबिट म्हणजे नेमकं काय, खात्यातून दोनदा गेले की लोकांनाही दोनदा मिळाले?" आणि सगळी मेख इथेच आहे. लोकांना दोनदा जमा झाले असतील तर बँक त्यांच्या खात्यातून परस्पर काढू शकत नाही, दुसऱ्या बँकेला परत मागणीची विनंती जाते, त्या माणसाची संमती लागते, आणि तेवढ्यात त्याने गावाला पाठवले की संपलं. पण नुसतं आपलंच खातं दोनदा डेबिट झालं असेल तर पैसे बँकेच्याच मधल्या पूल खात्यात पडून असतात, ते त्यांनीच परत फिरवायचे.

कुठलं झालंय ते कळतं रिस्पॉन्स फाईलवरून, तीत बँक प्रत्येक ओळीचा निकाल देते. दोन्ही बॅचच्या उतरवून घेतल्या. पहिलीत २३ एनईएफटीसमोर यूटीआर, म्हणजे पैसे पाठवल्याचा नंबर, होते आणि ४१ जणांसमोर सक्सेस. दुसरीत सगळ्या ६४ ओळींना रिजेक्ट आणि यूटीआरची जागा कोरी. तरी खात्रीला दुसऱ्या बँकेतल्या तीन पोरांचे मिनी स्टेटमेंट मागवले, पगार एकदाच.

मग दुसरा मेल, इंग्रजीत होता पण मजकूर साधारण असा: "आमच्या कॅश क्रेडिट खात्यातून ७ तारखेला १६:१४ आणि १६:३८ ला दोन बॅचसाठी प्रत्येकी ११,८३,४५० डेबिट झाले, दोन्हींचे रेफरन्स नंबर खाली. पहिली बॅच बरोबर आहे, तिला हात लावू नये. दुसऱ्या बॅचमधून एकाही कर्मचाऱ्याला रक्कम जमा झालेली नाही, रिस्पॉन्स फाईल जोडली आहे. दुसरं डेबिट ७ तारखेच्याच व्हॅल्यू डेटने रिव्हर्स करावं." सोबत स्टेटमेंटचं पान आणि शेठच्या सहीचं पत्र.

"पहिलीला हात लावू नये" हे वाक्य मॅडमनीच घालायला सांगितलं, नाहीतर चुकून बरोबरची बॅच परत मागवली जाते म्हणे.

पैसे १० तारखेला आले, पण व्हॅल्यू डेट, म्हणजे व्याज मोजायची तारीख, १०चीच. आमचं खातं कॅश क्रेडिट आहे, लिमिटमधून जेवढे वापरू त्यावर व्याज साडेदहा टक्के, म्हणजे ११,८३,४५० वर दिवसाला साधारण ३४० रुपये, तीन दिवसांचे हजाराच्या वर. रक्कम छोटी आहे, पण मधल्या काळात लिमिट भरलं आणि एका सप्लायरला दिलेला चेक परत गेला, त्याचा चार्ज वेगळा. तिसरा मेल फक्त या दोन गोष्टींचा. व्याज दोन आठवड्यांनी फिरवलं, चेकचा चार्ज नाही, "दुसरी फाईल तुम्हीच टाकली" म्हणे. रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता आलं असतं, पण त्याआधी बँकेला ३० दिवस द्यावे लागतात आणि चूक अर्धी माझी, सोडून दिलं. टॅलीत दुसरं डेबिट मी सॅलरीत न टाकता "बँकेकडून येणे" असं लेजर काढून ठेवलं होतं म्हणून रिकन्सिलिएशनला त्रास झाला नाही.

रेटिंग पाचात तीन. एक कापला कारण सगळ्या ओळी रिजेक्ट होऊनही पैसे आपोआप परत येत नाहीत, आणि एक कारण स्क्रीन अडकली तर बॅच गेली की नाही ते पोर्टल सांगत नाही. आता अडकली की मी आधी स्टेटमेंट उघडतो, आणि शेठ ओटीपी देताना विचारतात, "ही पहिलीच ना रे?"