‘आता दुसऱ्यालाही तसंच करा’: निरोप परत सांगण्याची पद्धत काही महिने वापरल्यानंतर

पुण्यातल्या एका फर्निचर वर्कशॉपमध्ये मापं घेणं, कटिंग लिस्ट काढणं आणि ग्राहक, साइटवरचे मिस्त्री नि वर्कशॉप यांच्यातले निरोप सांभाळणं हे माझं काम. उन्हाळ्यात आम्ही एक पद्धत लावून घेतली. ‘झालं ना, आता दुसऱ्यालाही तसंच करून टाका’ अशा धाटणीचा निरोप आला, की व्हॉट्सअ‍ॅपवर त्याच मेसेजला रिप्लाय करायचा. त्यात कोणती वस्तू, कोणते बदल आणि कोणत्या बाजूला, हे एका ओळीत परत सांगायचं. उत्तर येईपर्यंत शटरला, म्हणजे कपाटाच्या दाराला, भोक पाडायचं नाही. दिवाळीची सगळी गर्दी आम्ही याच पद्धतीवर काढली, त्यामुळे आता तिच्याबद्दल खात्रीने लिहिता येईल.

हा निरोप अवघड का, ते आमच्या धंद्याबाहेरच्यांना पटकन कळत नाही. ग्रुपवर सकाळी कपाटाचं बोलणं होतं, दुपारी टीव्ही युनिटच्या लॅमिनेटचा फोटो येतो, मध्ये कुणीतरी लॉफ्टचं माप विचारतं आणि संध्याकाळी ग्राहक लिहितात, ‘मस्त. आता दुसऱ्याला पण तसंच.’ त्यांच्या डोक्यात सकाळचं कपाट असतं, मिस्त्रीच्या डोक्यात नुकतंच बघितलेलं लॉफ्ट. बरं, वस्तू कोणती ते ठरलं तरी अडचण संपत नाही. पहिल्या वस्तूत चार बदल झालेले असतात. ग्राहकाला डोळ्यांना दिसलेला बदल आठवतो, मिस्त्रीला हाताने केलेलं काम आठवतं. दोघंही प्रामाणिक असतात, फक्त दोघांची यादी वेगळी असते. त्यात आमचे निम्मे कारागीर हिंदी बोलणारे. माझ्याकडून निरोप ‘दूसरे में भी वैसा ही’ होऊन पुढे जातो, तेव्हा उरलासुरला संदर्भही गळतो.

सप्टेंबरमधलं एक काम तपशिलाने सांगतो, म्हणजे ही पद्धत नेमकी कुठे उपयोगी पडते ते दिसेल.

एका फ्लॅटमध्ये दोन अरुंद कपाटं होती, दोन्ही एकेका शटरची. मोठ्या बेडरूममधलं क-1 आणि मुलीच्या खोलीतलं क-2. दोन्हींना मिळालेली जागा 500 मिमी रुंद, शटरची उंची 2100 मिमी, 18 मिमी प्लायवर लॅमिनेट. क-1 डाव्या भिंतीला चिकटून होतं आणि शटर डावीकडे टांगलेलं. लावून बघितलं तर शटर उघडताना हँडल भिंतीवर आपटत होतं. म्हणून भिंतीच्या बाजूला 50 मिमीची फिलर पट्टी घेतली, खोका 450 झाला आणि दोन्हीकडे दोन-दोन मिमी फट सोडून शटर 446 वर आलं. दुसरी अडचण आतल्या ड्रॉवरची. शटर साधारण काटकोनात उघडून थांबलं की त्याची जाडी ड्रॉवरच्या वाटेत येते आणि ड्रॉवर घासतो. त्यासाठी बिजागरीच्या बाजूला आतून 18 मिमीचं पॅडिंग दिलं आणि ड्रॉवर तेवढा अरुंद केला. तिसरा बदल ग्राहक ताईंनी स्वतः सुचवला होता: हँडल शटरच्या खालच्या कडेपासून 1050 वर येणार होतं, ते 950 वर घ्या.

क-1 झालं, ताईंना आवडलं, आणि तो संध्याकाळचा मेसेज आला.

ड्रॉइंग काढून बसलो तर तीन बदलांची गत तीन तऱ्हांची निघाली. क-2 उजव्या भिंतीला लागून आहे, तेव्हा पट्टी उजवीकडे आणि शटरही उजवीकडे टांगलेलं. म्हणजे इथे नक्कल चालत नाही, आरशातलं प्रतिबिंब लागतं. क-2 मध्ये ड्रॉवरच नाहीत, तेव्हा पॅडिंगचा प्रश्न येत नाही. उगाच दिलं तर आतली 18 मिमी जागा वाया. आणि हँडल 950 वर घ्यावं की नाही हे मला ठरवताच येत नव्हतं, कारण ती खोली लहान मुलीची. मी मेसेजला रिप्लाय करून लिहिलं: ‘दुसरं म्हणजे मुलीच्या खोलीतलं क-2. पट्टी 50 मिमी, पण उजवीकडे, कारण भिंत तिकडे आहे. ड्रॉवर नसल्याने पॅडिंग नाही. हँडल इथेही 950, की मुलीच्या हाताला येईल असं आणखी खाली?’

उत्तर आलं, ‘हो, तेच कपाट. मी हँडलबद्दलच म्हणत होते. 850 करा.’ पट्टीचा विचार त्यांनी केलाच नव्हता, आणि त्यांनी तो करावा अशी अपेक्षाही नाही. हँडल भिंतीवर आपटणं ही आमची अडचण, ती आम्हीच ओळखायची. पण 950 चं 850 झालं ते फक्त विचारल्यामुळे.

आता न विचारता क-1 ची कटिंग लिस्ट जशीच्या तशी मशिनवर गेली असती तर काय झालं असतं? खोक्याचं आणि शटरचं माप तेच आहे, म्हणून कटिंगपर्यंत काहीच खटकलं नसतं. अशा चुकीचा खरा त्रास हाच, की ती मापात दिसत नाही. भोकं पाडताना बिजागऱ्यांच्या वाट्या डाव्या कडेला गेल्या असत्या. 2100 उंचीच्या शटरला आम्ही चार बिजागऱ्या देतो, प्रत्येकीच्या वाटीसाठी 35 मिमी व्यासाचं भोक. ते भरून वर लॅमिनेटचा तुकडा लावता येतो, पण शटर उघडलं की डाग दिसतोच. कुणी म्हणेल, शटर खालचं वर फिरवून लावा, वाट्या उजवीकडे येतील. येतात, वरून-खालून अंतर सारखं असेल तर. पण हँडलची भोकं आधीच पाडली असतील तर 950 वरचं हँडल फिरवल्यावर 1150 वर जातं. शिवाय लाकडाच्या रेषांचं लॅमिनेट असेल आणि वर लॉफ्टचं शटर असेल, तर रेषा एकमेकींना जुळत नाहीत. शटर नवीनच करावं लागतं.

या अनुभवातून पद्धतीत एक भर पडली आणि मला ती सगळ्यात मोलाची वाटते. प्रत्येक शंकेसाठी काम थांबवायचं नाही. उत्तर काहीही आलं तरी जे बदलणार नाही ते आधी उरकायचं: खोका, मागची पाठ, लॅमिनेट चिकटवणं. बिजागरीच्या वाट्या उत्तर आल्यावर. हँडलची भोकं तर आता सगळ्यात शेवटी, साइटवरच, शटर टांगून झाल्यावर पाडतो. क-2 च्या वेळी ताईंचं उत्तर दुसऱ्या दिवशी दुपारी आलं, पण मिस्त्री एक तासही रिकामा बसला नव्हता.

विचारायचं कसं, यावर मात्र बरंच शिकायला मिळालं. ‘नक्की कोणतं?’ एवढंच विचारलं की माणसं वैतागतात. त्यांच्या दृष्टीने ते सांगून झालेलं असतं. ‘क-2 ला सगळं क-1 सारखंच ना?’ असं विचारलं की हमखास ‘हो’ येतं आणि त्या ‘हो’ला काही किंमत नसते, कारण ‘सगळं’ म्हणजे काय ते पुन्हा दोघांच्या डोक्यात वेगळंच राहतं. आपल्याला काय समजलं ते पूर्ण लिहायचं आणि खरी शंका असेल तिथेच दोन पर्याय द्यायचे. वरच्या मेसेजमध्ये प्रश्न एकच आहे, बाकीची विधानं आहेत. विधान चुकीचं असेल तर वाचणारा आपण होऊन दुरुस्त करतो. एका मेसेजमध्ये तीन प्रश्न टाकले तर उत्तर पहिल्याचंच येतं, हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता दुसरा प्रश्न वेगळ्या मेसेजमध्ये पाठवतो.

वस्तूंना नंबर देणं याच ओघात आलं. क-1, क-2, लॉ-1 असे नंबर ड्रॉइंगवर असतातच. आता साइटवरही खोक्याच्या आत पेन्सिलने लिहितो आणि भिंतीला मास्किंग टेपवर चिकटवतो. ग्राहकाने नंबर वापरावेत असा आग्रह नाही. ते ‘मुलीचं कपाट’च म्हणतात, आम्ही उत्तरात ‘मुलीचं कपाट, क-2’ असं जोडून लिहितो. काही जण आठवड्याभरात आपणहून नंबर लिहायला लागतात.

रिप्लायच्या सोयीबद्दल. लिहिलेल्या मेसेजला ती उत्तम आहे. उत्तरावर मूळ मजकूर दिसतो, त्यावर बोट ठेवलं की थेट त्या जागी जाता येतं, आठवड्यापूर्वीचं बोलणंही सापडतं. पण व्हॉइस मेसेजला रिप्लाय केला तर वर दिसतो तो फक्त आवाजाचा मेसेज असल्याची खूण, आत काय बोललं ते नाही. साइटवरचे बहुतेक निरोप आवाजातच येतात, हात धुळीने भरलेले असतात. म्हणून तसा निरोप ऐकून त्याचं सार मी स्वतः लिहितो आणि पुढचं बोलणं त्या लिहिलेल्या ओळीवर चालतं. एकदम पाठवलेल्या फोटोंचंही तसंच, गठ्ठ्यातला नेमका फोटो उघडून त्यालाच रिप्लाय करावा लागतो, नाहीतर ‘हे’ म्हणजे कोणतं हा घोळ नव्याने सुरू होतो. आणि पाठवलेला मेसेज पंधरा मिनिटांपर्यंत बदलता येतो, म्हणून मापाचा आकडा असलेल्या मेसेजवर मी लगेच काम सोडत नाही.

जिथे ही पद्धत कामी येत नाही, तेही सांगायला हवं. उत्तर देणारी माणसं दोन असली आणि दोघांचं मत वेगळं असलं, तर परत सांगून काही सुटत नाही. एका घरात सासूबाई आणि सून दोघीही ग्रुपवर होत्या, दोघींचे होकार आले, वेगवेगळ्या गोष्टींना. तिथे फोन करून, शेवटचा शब्द कुणाचा ते आधी ठरवून घ्यावं लागलं. दुसरं, फार सवयीची झाली की मिस्त्री न वाचता परत सांगणं सुरू करतात. मेसेजचेच शब्द उचलून ‘दुसऱ्याला तसंच करतो, ओके?’ असं येतं. त्यात नंबर आणि बाजू नसेल तर मी ते परत सांगणं धरतच नाही, मिस्त्रीला ड्रॉइंगपाशी बोलावतो आणि कड बोटाने दाखवायला लावतो. डावं-उजवं बोलताना कपाटासमोर उभं राहून बघणाऱ्याची बाजू धरायची, हेही भिंतीवर लिहून ठेवावं लागलं, कारण शटरच्या आतल्या बाजूने काम करणाऱ्याची डावी-उजवी उलटी होते.

छोट्या, सुट्या कामांना मी हे लावत नाही. दोन साइड टेबल अगदी सारखी असतील, बाजूचा प्रश्न नसेल आणि दुसरं टेबल समोरच ठेवलेलं असेल, तर विचारणं म्हणजे ग्राहकाचा वेळ खाणं. बेडच्या दोन्ही बाजूंना ड्रॉवरची युनिट असतील तर मात्र विचारतो. ती सारखी दिसतात, पण एकाची स्विचबोर्डाची खाच उजवीकडे असते आणि दुसऱ्याची डावीकडे. सध्या अशा जोडीच्या वस्तूंसाठी ड्रॉइंगवरच एक रकाना वाढवलाय: ‘जोडी: नक्कल / आरसा’. ग्राहकाची सही घेतानाच त्यातल्या एकावर गोल करून घेतो, त्यामुळे संध्याकाळचा मेसेज येईपर्यंत निदान बाजूचा प्रश्न सुटलेला असतो.