१२ व्होल्टवर पांढरा एलईडी: ५६० ओहम की १ किलोओहम, पाव वॅट की अर्धा?

मोटारसायकलला किंवा १२ व्होल्टच्या बॅटरीवर ५ मिलिमीटरचा साधा पांढरा एलईडी लावायचा असेल, तर दुकानात दोन प्रश्न येतात. रेझिस्टर किती ओहमचा आणि किती वॅटचा? पहिल्याचं उत्तर बहुतेक जण सूत्राने काढतात. दुसऱ्याकडे दुर्लक्ष होतं आणि घोटाळा तिथेच होतो.

आधी एक दुरुस्ती: हिशेब १२ व्होल्टवर करू नका. इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज होते आणि व्होल्टेज साधारण १४.४ पर्यंत चढतं. एलईडीला सर्वाधिक करंट तेव्हाच मिळतो, म्हणून तोच आकडा धरायचा. पांढऱ्या एलईडीवर साधारण ३.२ व्होल्ट पडतात. या प्रकारच्या एलईडीला सतत २० मिलिअँपिअर ही नेहमीची मर्यादा असते.

```
R = (14.4 - 3.2) / 0.020 = 560 ohm
P = (14.4 - 3.2) * 0.020 = 0.224 W
```

५६० ओहम बाजारात सहज मिळतो (हिरवा, निळा, तपकिरी). आता पर्याय शेजारी शेजारी ठेवून पाहू. सगळे आकडे १४.४ व्होल्टवरचे आहेत.

| पर्याय | करंट | रेझिस्टरमधली उष्णता |
|---|---|---|
| १ एलईडी, ५६० ओहम | २० मिलिअँपिअर | ०.२२ वॅट |
| १ एलईडी, १ किलोओहम | सुमारे ११ मिलिअँपिअर | ०.१३ वॅट |
| ३ एलईडी सिरीजमध्ये, २७० ओहम | सुमारे १८ मिलिअँपिअर | ०.०९ वॅट |

०.२२४ हे ०.२५ पेक्षा कमी आहे, मग पाव वॅटचा ५६० ओहम का नको? सामान्य कार्बन किंवा मेटल फिल्म रेझिस्टरची पूर्ण वॅट क्षमता साधारणपणे आसपासचं तापमान ७० अंश सेल्सिअस असेपर्यंतच धरलेली असते. त्यापुढे ती सरळ रेषेत उतरत जाते आणि बऱ्याच प्रकारांत १५५ अंशांना शून्य होते. हेडलाइटच्या मागच्या बंद जागेत ९० अंश झाले, तर पाव वॅटच्या रेझिस्टरची क्षमता उरते जेमतेम ०.१९ वॅट. त्यात ५ टक्के टॉलरन्सचा रेझिस्टर ५३२ ओहमचाही निघू शकतो. मग उष्णता ०.२३६ वॅटवर जाते. म्हणून हिशेबात येईल त्याच्या निदान दुप्पट क्षमतेचा रेझिस्टर घ्यावा. इथे अर्धा वॅट. मोकळ्या हवेत तो निवांत चालतो. तापणाऱ्या बंद डब्यात मात्र एक वॅटचा घेतला तर जास्त बरं.

अर्धा वॅटचा हाताशी नसेल तर पाव वॅटचे दोन, २७० आणि ३३० ओहम, सिरीजमध्ये जोडा. करंट सुमारे १८.७ मिलिअँपिअर होतो आणि उष्णता ०.०९ व ०.१२ वॅट अशी वाटली जाते.

नुसता दिवा लागलाय हे कळावं एवढंच काम असेल तर १ किलोओहम, पाव वॅट घ्या आणि विषय संपवा. करंट जवळपास अर्धा होतो, पण डोळ्याला उजेड तेवढा कमी भासत नाही. ५६० ओहमचा हट्ट अनेकदा उगाचच असतो.

तीन एलईडी लावायचे असतील तर निवड थोडी अवघड होते. तिन्ही सिरीजमध्ये घेतले की ९.६ व्होल्ट एलईडीच वापरतात आणि रेझिस्टर जवळजवळ गार राहतो. प्रत्येकाला वेगळा ५६० ओहम दिला, तर तीन रेझिस्टर मिळून ०.६७ वॅटची नुसती उष्णता करतात. सिरीजचा तोटा इंजिन बंद केल्यावर दिसतो. बॅटरी १२ व्होल्टवर आली की त्या साखळीचा करंट १८ वरून ९ मिलिअँपिअरच्या आसपास घसरतो. ५६० ओहमवरचा एकटा एलईडी मात्र २० वरून १६ पर्यंतच उतरतो. उजेड एकसारखा हवा असेल तर वेगवेगळे रेझिस्टर, बॅटरी आणि उष्णता वाचवायची असेल तर सिरीज.

तिन्ही एलईडी पॅरलल जोडून एकच रेझिस्टर देणं मात्र टाळा. प्रत्येकाचं व्होल्टेज किंचित वेगळं असतं. ज्याचं कमी, तो जास्त करंट ओढून आधी जातो, मग त्याचाही वाटा उरलेल्या दोघांवर येतो.

जोडणी झाल्यावर इंजिन चालू ठेवून मल्टिमीटरने रेझिस्टरच्या दोन टोकांमधले व्होल्ट मोजा. त्याला ओहमने भागलं की खरा करंट कळतो. करंटला पुन्हा त्याच व्होल्टने गुणलं की वॅट. ५६० ओहमवर ११.२ च्या आसपास दिसायला हवेत. १४ च्या जवळ दिसले तर एलईडी शॉर्ट झालाय. तेव्हा रेझिस्टर सुमारे ०.३६ वॅट सोसत असतो, म्हणजे पाव वॅटचा असेल तर तो मर्यादेबाहेर गेला. शून्य दिसले तर कुठेतरी सर्किट तुटलंय किंवा एलईडी उलटा बसलाय. जुन्या जोडणीत रेझिस्टरखालचा बोर्ड तपकिरी झाला असेल किंवा रंगपट्टे काळवंडले असतील, तर ओहम बरोबर असूनही वॅट कमी पडल्याची ती खूण असते.