‘नंतर त्याची नियत फिरली’ : तक्रारीतलं हे एक वाक्य आम्हाला भोवलं

उलव्याचा वन बीएचके आमच्या ताब्यात आला तेव्हा आम्ही ऐरोलीत भाड्याने राहत होतो. गृहप्रवेशाआधी फर्निचर करून घ्यायचं होतं. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका इंटिरिअरवाल्याचा नंबर मिळाला. त्याचं नाव इथे देत नाही, कारण केस सुरू आहे. ९ नोव्हेंबर २०२४ ला, शनिवारी, तो घरी आला, मापं घेतली आणि किचन, दोन वॉर्डरोब व टीव्ही युनिट मिळून ६ लाख ८० हजारांचं कोटेशन दिलं. अर्धे पैसे आगाऊ मागितले. नवऱ्याने विचारलं, काम कुठे करणार? तर म्हणाला, तुर्भ्यात माझा स्वतःचा गाळा चालू आहे, पुढचे दोन महिने तुमचं काम तिथेच चालणार, कधीही येऊन बघा. संध्याकाळी हेच त्याने व्हॉइस मेसेजवरही सांगितलं. सोमवारी आम्ही ३ लाख ४० हजार त्याच्या खात्यात पाठवले.

२४ तारखेला तो टेम्पो घेऊन आला. आम्ही आधीच विकत घेतलेलं १९ मिलिमीटरचं १४ शीट प्लायवूड आणि चिमणी-हॉब त्याने नेलं. त्याबरोबर माझ्या सासऱ्यांच्या चिपळूणच्या घरातला झोपाळ्याचा सागवानी पाटही पॉलिशसाठी नेला. पितळी कड्या मी काढून ठेवल्या होत्या. पाट टेम्पोत चढवताना सासरे खाली उभे राहून एक कोपरा धरून होते. ‘कडेला दोरी लावू नका, लाकूड चिरतं’, असं त्यांनी दोनदा सांगितलं. मी त्या पाटाचा फोटो काढून त्याला पाठवला आणि लिहिलं, ‘पॉलिशसाठी दिला, १५ दिवसांत परत.’ त्याचं उत्तर आलं, ‘ओके मॅडम.’

डिसेंबरभर थ्रीडी चित्रं येत राहिली आणि जानेवारीत फोन बंद झाला. १२ जानेवारीला आम्ही तुर्भ्याला गेलो, तर त्या गाळ्यात पुठ्ठ्याची खोकी बनवायचं काम चाललं होतं. शेजारचा काचवाला म्हणाला, तो तर नोव्हेंबरअखेरच गेला.

दुसऱ्याच दिवशी मी पोलीस ठाण्यात अर्ज दिला. दोन पानी अर्ज रात्री बसून, रडत रडत लिहिला होता. त्यात मी लिहिलं, ‘सुरुवातीला त्याने व्यवस्थित मापं घेतली, चित्रं पाठवली, त्याच्यावर आमचा पूर्ण विश्वास बसला. पण नंतर त्याची नियत फिरली आणि त्याने आमचे पैसे व सामान हडप केलं.’ ड्युटीवरच्या अधिकाऱ्यांनी अर्ज शांतपणे वाचला, पेन्सिलीने ‘नंतर त्याची नियत फिरली’ याखाली रेघ मारली आणि म्हणाले, “ताई, पैशांपुरता हा दिवाणी मामला दिसतोय. तुम्हीच लिहिलंय की आधी नियत चांगली होती.” मला तेव्हा त्यांचा फार राग आला. आपले पैसे बुडाले आणि हे व्याकरण काढत बसलेत, असं वाटलं.

माझी मावसवहिनी ठाण्याला कोर्टात वकिली करते. अर्ज वाचून तिने पहिली गोष्ट हीच सांगितली की ते अधिकारी बरोबर बोलले. मग तिने जे समजावलं, ते आधी कळलं असतं तर आमचे दोन महिने वाचले असते.

कायद्यातली ‘फसवणूक’, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेली चारसोवीस, आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये आहे. १ जुलै २०२४ पासूनच्या घटनांना ही संहिता लागू होते. फसवणूक ठरायला समोरच्याने आपल्याला खोटं सांगून पैसे द्यायला लावलेलं असावं लागतं आणि ते सांगताना, म्हणजे पैसे घेतानाच, त्याच्या मनात खोट असावी लागते. याच कलमात एक जुनं उदाहरण आहे, १८६० च्या दंडसंहितेपासून चालत आलेलं. एकाने दुसऱ्याला निळीची रोपं देतो म्हणून आगाऊ पैसे घेतले. रोपं द्यायचीच नाहीत असं पैसे घेतानाच मनात असेल, तर ती फसवणूक. पण पैसे घेताना खरोखर द्यायची होती आणि पुढे त्याने करार मोडला, तर गुन्हा नाही, फक्त दिवाणी दावा. वहिनी म्हणाली, “निळीच्या जागी तुझं किचन ठेव.”

मी म्हटलं, पण पैसे तर दोन्हीकडे बुडालेच ना? ती म्हणाली, बुडाले, पण धंद्यात बुडालेला माणूस आणि बुडवायला आलेला माणूस यांत कायदा फरक करतो, आणि तो करायलाच हवा. नाहीतर ज्याचे कामगार पळाले, ज्याचं बिल कुणी थकवलं, असा प्रत्येक प्रामाणिक कंत्राटदार तुरुंगात जाईल. मला हे पटायला वेळ लागला, पण पटलं.

आता झोपाळ्याच्या पाटाचं. तो आम्ही त्याला विकला नव्हता, किंमत म्हणूनही दिला नव्हता. पाट आमचाच होता, त्याच्या हाती फक्त पॉलिशसाठी सोपवला होता. असं विश्वासाने सोपवलेलं कुणी बेइमानीने विकलं किंवा वापरून टाकलं, तर तो कलम ३१६ चा फौजदारी विश्वासघात, जुनं ४०६. इथे पहिल्या दिवशी त्याची नियत काय होती याने फरक पडत नाही. वस्तू घेताना तो अगदी सरळ असेल आणि महिन्याने मोह झाला, तरी गुन्हा होतो. या कलमाखालचं एक उदाहरण तर जवळजवळ आमचंच आहे. गावाला जाणारा माणूस आपलं फर्निचर वखारवाल्याकडे ठेवतो आणि वखारवाला ते विकून टाकतो. म्हणजे ‘नंतर नियत फिरली’ हे माझं वाक्य पाटाच्या बाबतीत चालणारं होतं आणि पैशांच्या बाबतीत घातक. मी दोन्ही एकाच ओळीत बांधले होते.

मग पैशांनाही विश्वासघात का म्हणू नये, असं मी विचारलं. कारण आगाऊ रक्कम कामाच्या किमतीपोटी दिलेली असते. ती दिली की त्याची झाली, आपण त्याला सांभाळायला दिलेली नसते. ठरावीक वस्तू आपल्यासाठीच आणायला, आपल्या नावाचं बिल घ्यायला पैसे दिले असते, तर निदान वाद घालता आला असता. ऑगस्ट २०२४ मध्ये दिल्ली रेस क्लबच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हा भेद पुन्हा बजावून सांगितला. तिथे क्लबला घोड्यांचा दाणा पुरवणाऱ्याची बिलं थकली होती. न्यायालय म्हणालं की विकलेला माल हा सोपवलेला माल नव्हे आणि एकाच व्यवहारावर फसवणूक व विश्वासघात दोन्ही एकत्र टिकत नाहीत, कारण एकात सुरुवातीपासून खोट असते आणि दुसऱ्यात सुरुवात विश्वासाने सोपवण्याची असते. पोलीस ठाण्यात ‘४२०, ४०६ दोन्ही लावा’ म्हणण्याची आपल्याकडे सवय आहे. आमच्याकडे दोन्ही लागू शकत होती, ती केवळ वस्तू आणि व्यवहार वेगळे होते म्हणून.

मग खरं काम सुरू झालं. ९ आणि ११ नोव्हेंबरला त्याच्या मनात काय होतं, हे दाखवायचं कसं? मनात कुणी डोकावू शकत नाही. त्या दिवशी तो जे बोलला ते त्याच दिवशी खोटं होतं का, एवढंच शोधता येतं. आम्ही पुन्हा तुर्भ्याला गेलो. गाळ्याचे मालक आधी बोलायला तयार नव्हते. तिसऱ्या खेपेला त्यांनी कपाटातून एक फाइल काढली. भाडं थकल्यामुळे ३० नोव्हेंबरपर्यंत गाळा रिकामा करा, अशी ऑगस्टमधली नोटीस, आणि खाली ती मिळाल्याची त्याची सही. ती सही बघून मला खुर्चीवर बसावं लागलं. दोन महिने काम इथेच चालणार असं तो आमच्या हॉलमध्ये बसून सांगत होता, तेव्हा २१ दिवसांत गाळा सोडायचाय हे त्याला तीन महिन्यांपासून माहीत होतं. गाळा स्वतःचा, हेही खोटंच.

दुसरी गोष्ट त्याच्या कोटेशनवरचा जीएसटी नंबर. `gst.gov.in` वर Search Taxpayer मध्ये तो टाकला, तर नोंदणी मे महिन्यातच रद्द झालेली. आमच्याच संकुलातली आणखी तीन कुटुंबं सापडली, त्याच आठवड्यात आगाऊ दिलेली. वहिनीने मात्र सावध केलं की चार जणांचे पैसे थकले एवढ्यावर नियत सिद्ध होत नाही, बुडत्या धंद्यातही तेच होतं. ते नोटिशीच्या जोडीला ठेवायचं, एकटं नाही.

नवीन अर्ज आम्ही दोन भागांत लिहिला. पहिल्या भागात फक्त पैसे. ९ तारखेला तो नेमकं काय म्हणाला, त्या दिवशी खरी स्थिती काय होती, ती त्याला ठाऊक होती हे कशावरून, आणि हे कळलं असतं तर आम्ही एक रुपयाही दिला नसता. त्याने मापं घेतली, चित्रं पाठवली हेही लपवलं नाही, कारण ते खरं होतं. ‘विश्वास’ हा शब्द मात्र या भागात कुठेही नव्हता. दुसऱ्या भागात पाट, प्लायवूड आणि चिमणी-हॉब. कधी, कशासाठी दिलं, आमच्या नावाची बिलं आणि तो ‘ओके मॅडम’चा मेसेज. व्हॉइस मेसेज असलेला फोन आम्ही बदलला नाही, की चॅट पुसलं नाही. त्याच अधिकाऱ्यांनी अर्ज वाचला, या वेळी पेन्सिल उचलली नाही. मार्चमध्ये एफआयआर झाला, पैशांसाठी ३१८(४) आणि सामानासाठी ३१६(२). पहिल्यात ७ वर्षांपर्यंत, दुसऱ्यात ५ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पैसे परत मिळवायला दावा वेगळा लागतो. पोलिसांत तक्रार केली म्हणून त्याची मुदत थांबत नाही. ग्राहक आयोगासाठी साधारण २ वर्षं, दिवाणी दाव्यासाठी ३. आम्ही ग्राहक आयोगात गेलोय.

पाट पोलिसांना जुन्या फर्निचरच्या एका व्यापाऱ्याकडे मिळाला. त्याने तो डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात घेतला होता. एका बाजूला पॉलिश झालेलं होतं, दुसरी बाजू घासून तशीच सोडलेली. वहिनी तो बघून म्हणाली, याने पाट घेतला तेव्हा पॉलिश करायलाच घेतला होता. पाटाच्या बाबतीत त्याची नियत खरोखर नंतर फिरली.

कोर्टाच्या आदेशाने पाट आम्हाला सुपूर्तनाम्यावर मिळालाय. खटला संपेपर्यंत विकायचा नाही, बदलायचा नाही, बोलावलं की हजर करायचा. म्हणून दुसरी बाजू अजून तशीच आहे. सासऱ्यांनी पितळी कड्या चिंचेने घासून ठेवल्यात आणि पाट हॉलमध्ये भिंतीला उभा आहे.