रोजचा स्टँडअप मेसेज: प्रत्येकाने आपापला लिहायचा की एकाने सगळ्यांचा?

टीम वेगवेगळ्या गावांतून काम करते, म्हणून रोजचा कॉल बंद करून मेसेजवर यायचं, इथपर्यंत सगळ्यांचं पटकन जमतं. 'झालं, पुढे, अडलंय' या तीन ओळींवरही वाद होत नाही. (2020 च्या स्क्रम गाइडमधून ते तीन प्रश्न काढून टाकले गेले, पण सवय काही गेली नाही.) घोळ होतो तो पुढे. हे प्रत्येकाने थ्रेडमध्ये आपापलं टाकायचं, की एकाने सगळ्यांचं वाचून, कामानुसार जुळवून, एकच मेसेज करायचा?

समजा सहा जणांची टीम आहे. पाच जण पुण्या-नाशकात, प्रॉडक्ट ओनर न्यू जर्सीत. रिफंडचं काम चालू आहे आणि थ्रेडमध्ये या तीन नोंदी आल्यात:

बॅकएंड: झालं – PAY-212, रिफंडचा एपीआय लिहून रिव्ह्यूला टाकला. पुढे – PAY-215. अडलंय – काही नाही.

ॲप: झालं – रिफंडची स्क्रीन. पुढे – एपीआय जोडणे. अडलंय – एपीआय अजून स्टेजिंगवर नाही.

टेस्टिंग: झालं – जुने बग पुन्हा तपासले. पुढे – रिफंड. अडलंय – बिल्डची वाट बघतेय.

तिघंही खरं बोलतायत. तरी मुख्य गोष्ट कुणीच लिहिलेली नाही: रिव्ह्यूला कुणी हातच लावलेला नाही, आणि दोघांचा दिवस त्यापायी वाया चाललाय. बॅकएंडवाल्याचं काम त्याच्या हातून सुटलंय, त्यामुळे 'काही नाही' हे त्याचं उत्तर त्याच्यापुरतं बरोबरच आहे. आता तेच एका हाताने जुळवलं तर:

रिफंड (PAY-212): एपीआय आणि स्क्रीन तयार. रिव्ह्यू न झाल्याने स्टेजिंगवर गेलेलं नाही. ॲप आणि टेस्टिंग दोन्ही त्यावर थांबलेत. रिव्ह्यू टीम लीडकडे, उद्या सकाळी 11 पर्यंत.

इथे अडलेल्या कामाला मालक मिळाला आणि वेळ मिळाली. शिवाय जुळवणारा माणूस बोर्ड उघडून बसतो, म्हणून तीन दिवस 'चालू आहे' या रकान्यात पडून असलेलं आणि कुणाच्याच नोंदीत न आलेलं तिकीटही त्याला दिसतं. माणसांच्या नावाने लिहिलेल्या थ्रेडमध्ये ते कधीच दिसणार नाही.

याची किंमत आहेच. सहा जणांचं जुळवायला रोज पंधरा-वीस मिनिटं जातात, आणि तो माणूस रजेवर गेला की मेसेजही रजेवर जातो. त्याहून वाईट म्हणजे दुसऱ्याचं आपल्या शब्दांत लिहिताना अर्थ घासला जातो: 'बहुतेक झालंय, एक केस राहिलीय' याचं सारांशात सरळ 'झालं' होतं. थ्रेडमध्ये माणूस स्वतःच्या शब्दांत अडचण सांगतो, आणि ती सांगता सांगताच कुणीतरी खाली उत्तर देऊन मोकळं होतं. बॉट लावून सुटका होईल असं वाटत असेल, तर नुसता सगळ्यांची उत्तरं एकाखाली एक चिकटवणारा बॉट म्हणजे पुन्हा थ्रेडच. जुळवणं बाकीच राहतं.

वेळेचं गणित दोन्हींना लागू आहे, पण सारांशाला जास्त. पुण्यात सकाळी 10 ला लिहिलेला प्रश्न न्यू जर्सीत उन्हाळ्यात रात्री साडेबाराला पोचतो आणि उत्तर आपल्या संध्याकाळी येतं. तोच संध्याकाळी 6 ला गेला, तर तिकडे सकाळचे साडेआठ वाजलेले असतात. प्रॉडक्ट ओनर आधी तो वाचते, आणि पुण्याची सकाळ उत्तर हातात घेऊन सुरू होते. नोव्हेंबरात त्यांची घड्याळं तासभर मागे जातात, आपली जात नाहीत. तेव्हा हे तेवढं पुन्हा बघावं लागतं.

माझा कौल असा. तीन-चार जण असतील, किंवा प्रत्येकाचा क्लायंट वेगळा असेल, तर थ्रेडच ठेवा; सारांश म्हणजे फुकटची हमाली. एकाच रिलीजवर पाच-सहा किंवा जास्त जण असतील आणि निर्णय घेणारा दुसऱ्या टाइमझोनमध्ये असेल, तर सारांश घ्या. पण नोंदी थ्रेडमध्ये येऊ द्या, जुळवायची पाळी दर आठवड्याला बदला, आणि वेळ कमी असेल तर फक्त 'अडलंय' तेवढं जुळवा. 'झालं'ची यादी बोर्डावर असतेच.

तरीही ठरत नसेल तर गेल्या आठवड्याचा थ्रेड उघडा आणि फक्त 'अडलंय'च्या ओळी वाचा. एकच तिकीट दोन नावांखाली वेगवेगळ्या शब्दांत सापडलं, किंवा एखादी ओळ दोन दिवस जशीच्या तशी आली आणि खाली कुणाचं उत्तर नाही, तर तुम्हाला सारांश लागणार आहे. तसं काही सापडलं नाही, तर आहे ते चालू द्या.