कमेंटला आपोआप धन्यवाद: उन्हाळ्यापासून दिवाळीपर्यंत वापरून आलेला अनुभव

आमचं अमळनेरला घरगुती बिबडे, उडदाचे पापड, कुरडया असं काम आहे. आखाजीच्या आधी इन्स्टाग्रामच्या रीलवर कमेंटची नुसती रीघ लागते, हात पिठात असतात आणि उत्तर द्यायचं राहून जातं, म्हणून कमेंटला आपोआप उत्तर देणारं एक टूल घेतलं. अशी टूल्स बरीच आहेत आणि सेटिंग थोड्याफार फरकाने सगळीकडे हेच असतं, म्हणून नावापेक्षा वापराबद्दलच लिहिते.

टूलमध्ये धन्यवादाची 10 वाक्यं टाकली की ते दर वेळी त्यातलं कुठलंही एक उचलतं. ऐकायला भरपूर वाटतं, पण असं चिठ्ठी काढल्यासारखं उचललं तर पाचच कमेंटमध्ये एखादं वाक्य दोनदा यायची शक्यता 70 टक्क्यांच्या आसपास असते, आणि एकाच रीलखाली सगळी उत्तरं एकाखाली एक दिसतात त्यामुळे लोकांना लगेच कळतं. म्हणून सेटिंगमध्ये यादी पूर्ण संपल्याशिवाय तेच वाक्य परत न वापरण्याचा पर्याय आहे का ते आधी बघा. माझ्या टूलमध्ये आहे, आणि तो प्रत्येक पोस्टसाठी वेगळा चालतो हे फार बरं आहे.

नाव घालायची सोय मी बंद ठेवलीय. प्रोफाइलवर लोक स्वतःचं नाव ठेवतातच असं नाही, टूल पहिला शब्द उचलतं आणि उत्तर जातं 'धन्यवाद श्री' नाहीतर 'धन्यवाद जय'. दादा की ताई हेही त्याला कळत नाही. त्यापेक्षा 'राम राम, आवर्जून लिहिलंत, बरं वाटलं' असं लिहिलं की बाई असो की पुरुष, कुणालाही चालतं आणि आपल्याकडचंही वाटतं.

खरा फरक पडला तो कमेंटमधला शब्द बघून वेगळं उत्तर दिल्यावर. कमेंटमध्ये 'आठवण' असेल तर माझं उत्तर जातं, 'तुमच्याकडे कोण करायचं बिबडे?' यात धन्यवाद हा शब्दच नाही तरी माणसाला आपलं वाचलं गेलं असं वाटतं, मग कुणी लिहितं आजी गच्चीवर लुगडं अंथरून घालायची, कुणी लिहितं मावशी सुट्टीत ओला चीक वाटीत घालून द्यायची, आणि तिथून पुढचं मी हातानेच लिहिते. अशी वाक्यं चार-पाच तरी हवीत, नाहीतर सगळ्यांना एकच प्रश्न जातो.

पण मराठीत शब्द पकडणं सोपं नाही बरं का. 'बिबडे' एवढंच टाकलं तर 'बिबड्यांचा' सुटतं, म्हणून 'बिबड' एवढाच तुकडा टाकायचा आणि शब्दात कुठेही असला तरी चालेल असं सेटिंग ठेवायचं. हेच सेटिंग 'भाव'ला लावलं तर घोळ होतो, कारण 'भावा एकच नंबर' यातही भाव आहे आणि 'भावपूर्ण श्रद्धांजली'मध्येही आहे, म्हणजे दु:खाच्या पोस्टखाली बिबड्याचा दर जाऊ शकतो. तिथे 'काय भाव' आणि 'भाव काय' असे पूर्ण तुकडे टाकावे लागतात. 'किती'चंही तसंच, 'किलोला किती' हा प्रश्न आहे आणि 'किती मस्त' हे कौतुक. माझ्याकडे 'किती' आलं की टूल गप्प बसतं आणि ती कमेंट माझ्यासाठी बाजूला ठेवतं. आणि लोक इंग्रजी अक्षरांत मराठी लिहितात, त्यामुळे 'mast', 'bhari', 'kay bhav' हेही वेगळं टाकायचं.

उत्तर कमेंटनंतर दोन सेकंदात गेलं तर वाक्य कितीही चांगलं असो, मशीनच वाटतं. मी 5 ते 25 मिनिटांच्या मध्ये कधीही असं ठेवलंय आणि रात्री 11 नंतर बंद. नुसते इमोजी असतील तर उत्तर नाही, मी फक्त लाइक करते. एकाच माणसाला एका पोस्टखाली एकदाच. तक्रारीचे शब्द, 'तुटले', 'आलं नाही', 'खवट', आले की आपोआप काहीच जायला नको, यात अजिबात ढिलाई करू नका.

दर विचारणाऱ्याला मेसेजमध्ये उत्तर पाठवता येतं, पण इन्स्टाग्रामच्या नियमाने एका कमेंटमागे एकच मेसेज आणि तोही 7 दिवसांच्या आत. समोरच्याने उत्तर दिलं की मग 24 तास मोकळं बोलता येतं. म्हणून त्या एका मेसेजात दर, किमान किलो आणि कुरिअर धुळे-जळगावबाहेर जातं की नाही हे सगळं एकदमच लिहून ठेवलंय.

नवीन फॉलोअरला आपोआप मेसेज मात्र मी चालू केला नाही. माणसाने काही लिहिलेलंच नसतं, त्यामुळे आपल्या उत्तराला धरायला काही नसतं आणि सगळ्यांना एकच मजकूर जातो. त्यासाठी काही टूल्स इन्स्टाग्रामचा पासवर्ड मागतात, ते नियमात बसत नाही आणि खात्यावर बंदी येऊ शकते. नवीन मंडळींसाठी मी रविवारी एक स्टोरी टाकते, त्या आठवड्यात गच्चीवर काय वाळत घातलंय ते दाखवते, आणि त्यावर जे लिहितात त्यांच्याशी मी स्वतः बोलते.